पार्किंगच्या छताखालचा ड्रेनेज पाइप सारखा तुंबतो: झोळ, हँगर आणि सफाईचं तोंड

प्रश्न: मालवणला आमची चार मजली सोसायटी आहे, खाली स्टिल्ट पार्किंग. मागच्या बाजूच्या संडास-बाथरूमची लाइन पार्किंगच्या स्लॅबखाली टांगून पुढच्या चेंबरपर्यंत आणलीय. ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, साधारण चौदा मीटर. पाच वर्षांत चौथ्यांदा तुंबला. प्लंबर म्हणतो स्लोप कमी आहे, सगळी लाइन उतरवून १:४० ने परत टांगू. बिल्डर म्हणतो स्लोप बरोबर आहे, लोकच काहीही टाकतात. हँगर किती अंतरावर हवेत, स्लोप किती हवा आणि सफाईचं तोंड कुठे ठेवतात?

उत्तर:

तुमचा प्लंबर आणि बिल्डर, दोघंही बहुतेक अर्धं-अर्धं खरं बोलतायत. दोघांनीही पाइपाची फक्त दोन टोकं बघितली असणार. टांगलेल्या लाइनचं दुखणं बहुतेक वेळा मधल्या भागात असतं, कारण एका हँगरपासून दुसऱ्या हँगरपर्यंत पाइपाला झोळ पडलेला असतो. एकूण उतार कागदावर छान असतो, आणि तरी प्रत्येक झोळात थोडं पाणी कायम उभं राहतं. पाणी उभं राहिलं की वेग मरतो, वेग मेला की मैला तिथेच बसतो. मग काथ्याचा एखादा धागा किंवा पॅडचा तुकडा त्याला अडकतो आणि लाइन भरते. म्हणून लाइन उतरवायच्या आधी झोळ मोजा. हे काम दोन तासांचं आहे आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य.

रत्नागिरीजवळच्या एका इमारतीत मी हेच काम केलं, त्याचे आकडे सांगतो. लाइन १५ मीटरची, तीन-तीन मीटरचे पाच पाइप, रबर रिंगचे जॉइंट. टांगणाऱ्याने सोपा हिशोब केला होता: एक पाइप, एक क्लॅम्प. म्हणजे दोन क्लॅम्पमध्ये तीन मीटर. मी दोन टोकांची लेव्हल काढली, फरक आला २४५ मिमी. पंधरा मीटरला २४५ म्हणजे जवळपास १:६१. ११० च्या लाइनला हा उतार मला पुरेसा वाटतो. म्हणजे तिथला बिल्डरही खोटं बोलत नव्हता.

मग मी प्रत्येक क्लॅम्पपासून पुढच्या क्लॅम्पपर्यंत पाइपाच्या बुडाशी दोरी ताणली आणि मध्यावर पाइप दोरीच्या किती खाली आहे ते मोजलं. दोन क्लॅम्पमधला भाग म्हणजे एक गाळा. उभ्या पाइपापासून दुसऱ्या आणि तिसऱ्या गाळ्यात ४०-४० मिमी, बाकीच्यांत वीस ते पंचवीस. चाळीस मिमी म्हणजे चार सेंटिमीटर. खाली उभं राहून वर बघितलं तर ते डोळ्याला फारसं दिसतही नाही, कारण लाइन तिरकी असतेच. पण हिशोब करून बघा. १:६० ने तीन मीटरच्या गाळ्यात पाइप एकूण ५० मिमी उतरतो. त्यात मध्ये ४० मिमी झोळ घातला की सर्वांत खोल जागा मध्याच्याही पुढे सरकते आणि तिथून पुढच्या हँगरपर्यंत पाणी चढावर जायला लागतं. या आकड्यांनी सुमारे दोन मीटर लांब आणि सर्वांत खोल जागी जवळपास दोन सेंटिमीटर असं एक तळं पाइपाच्या आत कायम साचून राहतं. तिथे दुसऱ्या आणि तिसऱ्या, अशा दोन गाळ्यांत दोन मोठी तळी. इमारतीतले लोक सांगत होते ती तुंबण्याची जागा नेमकी हीच होती.

तीन मीटरच्या गाळ्यात १:६० चा उतार मारायला किती झोळ लागतो? साधारण सोळा मिमी. म्हणजे तुमच्या अंगठ्याच्या रुंदीएवढा. त्यापुढे पाणी साचायला सुरुवात.

आता तुमच्या प्लंबरचा १:४० चा उपाय याच चाळीस मिमीच्या झोळाला लावून बघू. तीन मीटरला उतार होतो ७५ मिमी. तळं तरीही राहतं, फक्त दोन सेंटिमीटरचं एक-सव्वा सेंटिमीटर होतं. म्हणजे सगळी लाइन उतरवून, पुन्हा टांगून, मजुरी मोजून निम्मं पाणी तिथेच. शिवाय वरच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १:६० ने २५० मिमी खाली येणारी लाइन १:४० ने ३७५ मिमी खाली येणार. त्या इमारतीत बीमची खालची बाजू जमिनीपासून २.७५ मीटरवर होती आणि पाइपाचं बूड सुरुवातीला २.६० वर. १:६० ने शेवटचं टोक २.३५ ला आलं, १:४० ने ते २.२२ च्या आसपास गेलं असतं. वर कॅरियर लावलेली गाडी घेऊन कोणी आला की पाइप त्याच्या वाटेत. आणि पुढच्या चेंबरची लेव्हल तर आधीच ठरलेली असते. पाइप खाली आणला म्हणून चेंबर खाली जात नाही.

उतार किती हवा, याचं माझं उत्तर त्यामुळे परिस्थितीवर अवलंबून आहे. जागा असेल तर ११० च्या लाइनला १:६० ठेवतो. बीमची उंची अडचणीची असेल तर १:८० पर्यंत जातो, पण मग हँगर आणखी जवळ घेतो आणि लेव्हल प्रत्येक हँगरला तपासतो, कारण तिथे चूक खपवून घ्यायला जागाच उरत नाही. १:१०० ही माझ्यासाठी शेवटची हद्द, तीही सरळ, वळण नसलेल्या लाइनला. १:४० पेक्षा जास्त मी आडव्या लाइनला सहसा देत नाही. खूप उतार दिला की पाणी पुढे निघून जातं आणि मैला मागे राहतो, असं प्लंबर मंडळी म्हणतात. त्यावर वाद आहे, आणि तो माझ्या दृष्टीने फारसा महत्त्वाचा नाही, कारण पार्किंगमध्ये तेवढी उंचीच कोणाकडे नसते.

हँगरचं अंतर हा इथला मुख्य मुद्दा आहे, म्हणून थोडा थांबतो.

दोन आधारांमध्ये टांगलेल्या पाइपाचा झोळ अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे अंतर निम्मं केलं तर झोळ निम्मा होत नाही, तो सोळावा हिस्सा होतो. तीन मीटरचं अंतर एक मीटर केलं तर झोळ एक्क्याऐंशीवा हिस्सा. माझ्या त्या ४० मिमीचं कागदावर अर्धा मिमी होतं. प्रत्यक्षात जॉइंट असतात, क्लॅम्प नेमक्या रेषेत नसतात, म्हणून मी दोन-तीन मिमी धरतो. तरीही ते माफ. म्हणूनच हँगर वाढवणं हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

साधा नियम असा: पीव्हीसीला दोन आधारांमधलं अंतर बाहेरच्या व्यासाच्या दहापट. ११० ला १.१ मीटर, ७५ ला पाऊण मीटर. १६० ला नियमाने १.६ मीटर येतं, पण मी सव्वा मीटरच्या पुढे जात नाही. बिडाच्या पाइपाची गोष्ट वेगळी. तो स्वतः ताठ असतो, त्याला प्रत्येक सॉकेटजवळ एक आधार पुरतो. पण कोकणात आता पार्किंगमध्ये नवीन बीड कोण बसवतो?

पाइप कुठल्या जातीचा आहे हेही बघा. पाइपावर छापलेलं असतं. आयएस १३५९२ मध्ये दोन प्रकार आहेत: टाइप ए पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेसाठी, टाइप बी मैल्यासाठी आणि सांडपाण्यासाठी. ११० मध्ये टाइप ए ची जाडी २.२ मिमीपासून सुरू होते, टाइप बी ची ३.२ पासून. पातळ पाइप त्याच अंतरावर साधारण दीडपट वाकतो. मैल्याच्या लाइनला टाइप ए लटकवलेला मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलाय. पावसाच्या पन्हाळीसाठी आणलेले पाइप उरतात, मग ते इथे खपवले जातात.

आता यात कोकणाचा भाग कुठे येतो ते सांगतो. एरवी चालू लाइनमधला पाइप बहुतांश वेळ रिकामा किंवा चतुर्थांश भरलेला असतो. पूर्ण भरला तर पाण्यासकट मीटरला दहा किलोच्या आसपास भरतो. जून-जुलैत आपल्याकडे जमिनीतलं पाणी वर येतं, शोषखड्डा पाणी घेईनासा होतो, सेप्टिक टाकी आणि चेंबर काठोकाठ भरतात. चेंबर भरलं की पाणी टांगलेल्या लाइनमध्ये मागे चढतं आणि लाइन दिवसचे दिवस भरलेली राहते. प्लॅस्टिक असं सततच्या वजनाखाली हळूहळू वाकतं आणि तसंच राहतं. पाऊस संपला, लाइन रिकामी झाली, पण झोळ राहिला. पहिल्या दोन वर्षांत काही त्रास नाही आणि मग दर वर्षी गणपतीच्या आसपास तुंबायला सुरुवात होते, असं ऐकलं की मी आधी चेंबर विचारतो. कोणी गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा पाइप याच लाइनला जोडला असेल, तर तो आधी वेगळा करा. पुढचं सगळं त्यानंतर.

दुसरं म्हणजे खारं वारं. हँगरवर वजन तसं काहीच येत नाही. एक मीटरवर हँगर लावला तर भरलेल्या लाइनचे दहा-अकरा किलो, तेवढं आठ मिमीचा रॉड हसत-हसत पेलतो. म्हणून रॉड तुटतो तो वजनाने नाही, गंजाने. दुकानात मिळणारा चकचकीत पांढऱ्या किंवा पिवळ्या पॉलिशचा रॉड समुद्रापासून जवळच्या पार्किंगमध्ये दोन-तीन पावसाळ्यांत लाल होतो. आटे खाल्ले जातात, नट बसतो, मग उतार सुधारायला नट फिरवावा तर रॉडच पिळून तुटतो. मी गरम जस्ताचा, म्हणजे हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड रॉड वापरतो आणि कापलेल्या टोकाला जस्ताचा रंग मारतो, कारण कापलं की तिथे उघडं लोखंड राहतं. किनाऱ्याला अगदी लागून असेल तर ३१६ चा स्टेनलेस. ३०४ वर लवकर चहाचे डाग पडल्यासारखं दिसायला लागतं. क्लॅम्पमध्ये रबरची पट्टी हवीच, नाहीतर लोखंडाची कड पाइपाला घासत राहते. आणि बाइंडिंगची तार किंवा खिळ्याने ठोकलेली पत्र्याची पट्टी नको. तिला लेव्हल देता येत नाही.

रॉड मी दहा मिमीचा घेतो, गरज आठचीच असली तरी. त्याचं कारण ताकद नाही. जाड रॉड लांब झाला तरी कमी हलतो आणि आट्यांची एक फेरी म्हणजे दीड मिमी, हा हिशोब डोक्यात सोपा बसतो. लाइन पुढे जाईल तसा रॉड लांब होत जातो. शेवटच्या टोकाला तो चाळीस सेंटिमीटर झाला की वरून पाणी धडकलं की लाइन झोके घेते. तिथे, आणि प्रत्येक वळणावर, आडवा तिरपा आधार द्यावा लागतो.

स्लॅबला भोक पाडताना एक काळजी घ्या. अँकरचं भोक साधारण चार-पाच सेंटिमीटर खोल असतं. सळई लागली तर तिथे थांबा, पाच सेंटिमीटर बाजूला सरका आणि जुनं भोक सिमेंटच्या ग्राउटने बुजवा. खाऱ्या हवेत उघड्या झालेल्या सळईचा गंज मागाहून स्लॅबचा पोपडा पाडतो. बीमच्या बुडाला भोक नको, तिथे मुख्य सळया असतात. बीमच्या आरपार पाइप न्यायचा प्रस्ताव कोणी मांडला तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय हात लावू देऊ नका.

तुमच्या इमारतीत मोजायचं कसं ते सांगतो. पारदर्शक नळीत पाणी भरून केलेली लेव्हल आणि एक मोजपट्टी पुरते, लेझर असेल तर उत्तम. फूटभर लांबीची स्पिरिट लेव्हल पाइपावर ठेवून उतार बघू नका. ती फक्त त्या एका फुटाचा उतार सांगते आणि झोळ असलेल्या पाइपावर ती एका जागी उतार दाखवते, दुसऱ्या जागी चढ. स्लॅबपासूनही मोजू नका. स्लॅबचं बूड स्वतःच दहा-वीस मिमी वरखाली असतं. लेव्हलची एक रेषा खांबांवर मारून घ्या आणि त्या रेषेपासून पाइपाच्या बुडापर्यंत मोजा: प्रत्येक हँगरजवळ आणि प्रत्येक दोन हँगरांच्या मध्यावर. सॉकेटच्या फुगलेल्या भागावर मोजू नका, पाइपाच्या सरळ अंगावर मोजा. आकडे कागदावर ओळीने लिहा. सगळे आकडे एकाच बाजूला वाढत जायला हवेत. कुठे आकडा वाढून परत कमी झाला की तिथे तळं आहे. बोटाच्या पेराने वाजवूनही अंदाज येतो. रिकामा पाइप पोकळ वाजतो, तळ्यापाशी आवाज बसका येतो. ही पडताळणी सकाळी सगळे अंघोळ करताना करू नका, दुपारी करा.

दुरुस्ती मी त्या इमारतीत अशी केली. आधी लाइन रिकामी आणि साफ करून घेतली. वरच्या टोकाची आणि चेंबरच्या टोकाची लेव्हल हलवली नाही. त्या दोन टोकांमध्ये पाइपाच्या बुडाची दोरी ताणली, मीटरला साधारण सोळा मिमीच्या हिशोबाने. मग सगळे नवे हँगर दर मीटरला स्लॅबला लावले, पण नट सैल ठेवून. आधी सहा क्लॅम्प होते, आता सोळा झाले. मग पाइप वर उचलला, पण एका दमात नाही. चाळीस मिमी उचलायचे म्हणजे दीड मिमीच्या हिशोबाने सत्तावीस फेऱ्या होतात. प्रत्येक हँगरला चार-पाच फेऱ्या देऊन पुढच्याकडे, असं टोकापासून टोकापर्यंत सहा वेळा गेलो. एकाच जागी उचललं तर रिंगचा जॉइंट कुठेतरी उघडतो. तरी दोन पाइप सरळ झालेच नाहीत. त्यांनी वाकडेपणा कायमचा धरला होता. नट कितीही फिरवला तरी ते वरच्या बाजूला कमान करत होते. ते बदलले. मग सर्वांत वरून पाच बादल्या पाणी एकदम ओतलं आणि प्रत्येक जॉइंटखाली कोरडा हात फिरवला. त्या लाइनला त्यानंतर तीन पावसाळे झाले, लाइन तुंबलेली नाही. लोक तेच आहेत, काथ्याने भांडी घासतात आणि बांगडे धुतात.

रिंगच्या जॉइंटबद्दल एवढंच: ऊन आणि थंडी यांनी पीव्हीसी लांबी बदलतं, मीटरला दर अंशाला ०.०७ मिमीच्या आसपास. पंधरा मीटर लाइन आणि पंधरा अंशांचा फरक धरला तर पंधरा-सोळा मिमी. पाइप सॉकेटमध्ये पूर्ण आत ढकलून, खूण करून, दहा मिमी मागे घ्यायचा, म्हणजे हा फरक जॉइंट-जॉइंटला वाटला जातो. पण मग पाइप सुटून येऊ नये म्हणून प्रत्येक सॉकेटच्या मागे एक घट्ट क्लॅम्प हवा, मधले क्लॅम्प सैल, पाइप सरकू देणारे. उभ्या पाइपाच्या पायाशी, जिथे चार मजल्यांवरून पाणी आदळतं, तिथे एकच काटकोनी बेंड नको. पंचेचाळीसचे दोन बेंड, आणि त्यांच्या लगेच पुढे घट्ट क्लॅम्प. मी सुटलेले जॉइंट पाहिलेत, त्यांपैकी बहुतेक याच जागी सुटले होते.

आता सफाईचं तोंड. नकाशात ते असतं, प्रत्यक्षात ते पोचण्यासारखं नसतं. तोंड तीन जागी हवं: लाइनच्या सर्वांत वरच्या टोकाला, प्रत्येक मोठ्या वळणावर, आणि सरळ लाइन लांब असेल तर मध्ये. पुस्तकी नियम तीस मीटरपर्यंत जाऊ देतात, पण इथे सफाई बांबूच्या कामटीने किंवा हाताने ढकलायच्या स्प्रिंगने होते आणि ती आठ-दहा मीटरच्या पुढे जोर लावत नाही. तुमच्या चौदा मीटरला वरच्या टोकाला एक आणि मध्ये एक, अशी दोन तोंडं मी ठेवली असती. चेंबरकडून कामटी वर ढकलता येतेच.

वरच्या टोकाचं तोंड लाइनच्या सरळ रेषेत हवं, म्हणजे कामटी वाकावी लागत नाही. मधलं तोंड वाय फिटिंगने, प्रवाहाच्या दिशेने कललेलं, आणि बाजूला किंवा वरच्या बाजूला पंचेचाळीस अंशांत. बुडाला मुळीच नको. बुडाचं झाकण ठिबकतं, आणि उघडलं की सगळं उघडणाऱ्याच्या डोक्यावर. तोंडापुढे किमान ४५० मिमी मोकळी जागा, नाहीतर बीमला आपटून कामटी आतच जात नाही. आणि तोंडाखाली कोणाची गाडी उभी राहणार नाही अशी जागा: रस्ता, जिन्याजवळचा कोपरा, पंपाची बाजू. एका सोसायटीत तोंड नेमकं अध्यक्षांच्या पार्किंगवर आलं होतं. लाइन तुंबली की आधी त्यांना गाडी काढायला शोधून आणावं लागे आणि ते बहुतेक वेळा मुंबईला असत. डोअर बेंडच्या झाकणाचे बोल्ट साधे असतील तर आजच स्टेनलेसचे बदला आणि ग्रीस लावा. बोल्ट गंजून बसला की प्लंबर झाकण फोडतो, मग त्यावर सिमेंटचा गोळा थापतो, आणि पुढच्या वेळी तोंड उरतच नाही.

तुंबलेल्या लाइनचं झाकण उघडताना घाई नको. अडथळ्याच्या वरच्या बाजूला पाणी उभ्या पाइपात साठलेलं असतं, कधीकधी पहिल्या मजल्यापर्यंत. म्हणजे झाकणावर तीन मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. आधी सगळ्या मजल्यांवर नळ आणि फ्लश बंद ठेवायला सांगा. पाइप वाजवून बघा, अडथळ्याच्या पुढची बाजू पोकळ वाजेल. उघडायचं ते तिथलं तोंड, आणि कामटी तिथून मागे ढकलायची. त्या बाजूला तोंडच नसेल तर वरच्या झाकणाचे दोन बोल्ट फक्त एक-दोन आटे सैल करा, खाली बादली धरा आणि शिडीवर बाजूला उभे राहा. कडेने बारीक धार लागली तर बोल्ट तसेच ठेवून पाणी हळूहळू निघू द्या. मी एकदा नवीन असताना सगळे बोल्ट काढले होते. झाकण माझ्या हातात राहिलं नाही. तो शर्ट मी घरी नेला नाही.

तुमच्याकडे मोजल्यावर एकाही गाळ्यात पंधरा मिमीच्या वर झोळ निघाला नाही, तर माझं वरचं निदान तुमच्यापुरतं चुकलं. मग आधी चेंबर बघा. चेंबरमध्ये पाइपाचं तोंड पाण्याखाली आहे का, टाकी किती भरलीय, आणि शेवटच्या टोकाचा पाइप चेंबरच्या भिंतीत प्लास्टरने दाबला गेलाय का. चेंबर खचलं असेल तर पाइपाचं शेवटचं टोक त्याच्याबरोबर खाली किंवा वाकडं जातं. भरावावर बांधलेल्या चेंबरला हे हमखास होतं, जांभ्यावर बसलेल्याला क्वचितच. झोळ निघाला, तर आकड्यांचा तो कागद इथे टाका. प्रत्येक गाळ्याची लांबी, मधला आकडा आणि पाइपावरचा छाप, एवढं असलं की कुठले पाइप सरळ होतील आणि कुठले बदलावे लागतील याचा अंदाज मी सांगू शकेन.